भिंत न फोडता ओल शोधताना : माझा अनुभव

आमच्या जुन्या घरातील दीड फूट जाडीच्या, चुन्याचा गिलावा असलेल्या विटांच्या भिंतीला खाली फरशीलगत पोपडे येत होते आणि क्षारांचा पांढरा लोणा फुटत होता. पाहायला आलेल्या कंत्राटदाराने ओल जमिनीतून चढत असल्याचे सांगून कमरेच्या उंचीपर्यंतचा गिलावा काढून टाकण्याचा सल्ला दिला. फोडण्याआधी भिंत तपासून पाहावी, म्हणून मी एक थर्मल कॅमेरा आणि दोन प्रकारचे मॉइश्चर मीटर भाड्याने आणले.

पहिल्या दुपारी कॅमेऱ्यात काहीच कळले नाही, आणि त्यात चूक माझीच होती. हा कॅमेरा ओल पाहत नाही; तो फक्त पृष्ठभागाचे तापमान पाहतो. ओल्या जागेवरून पाणी उडून जाताना ती जागा एखाद-दोन अंशांनी थंड होते, तेवढाच काय तो पुरावा. शिवाय कॅमेरा रंगांची पट्टी आपोआप जुळवून घेतो, त्यामुळे अर्ध्या अंशाचा फरकही भडक निळ्या डागासारखा दिसतो. म्हणून मी पट्टीचा पल्ला सहा अंशांवर कायम केला, खोलीतला पंखा बंद केला आणि सायंकाळी पुन्हा चित्रे घेतली. पोपड्यांची जागा शेजारच्या भिंतीइतकीच उबदार होती, आणि खिडकीच्या खालच्या कडेपासून वीतभर रुंदीचा थंड पट्टा तिरका खाली उतरत होता. तिथे डोळ्यांना काहीही दिसत नव्हते.

नंतर भिंतीवर खडूने वीस-वीस सेंटिमीटरच्या चौकटी आखून प्रत्येक चौकटीत मीटर लावले. दोन सुयांचा मीटर त्या सुयांमधला विद्युतरोध मोजतो आणि त्याचे आकडे लाकडासाठी बेतलेले असतात, तेव्हा गिलाव्यावरचा आकडा हे ओलीचे प्रमाण नसते. शेजारच्या जागेशी तुलना करण्यापुरताच तो उपयोगी पडतो. खाली लोण्यावर हा मीटर थेट लाल पट्ट्यात गेला. सुया न टोचणारा, गिलाव्यावर टेकवायचा धारितेचा मीटर, म्हणजे भिंतीची विद्युतभार साठवण्याची क्षमता मोजणारा, मात्र तिथे जेमतेम हलला. क्षारांमुळे वीज सहज वाहते, म्हणून सुयांचा मीटर कोरड्या पण खारट गिलाव्यालाही ओला म्हणतो. धारितेच्या मीटरलाही क्षार फसवतात, पण तुलनेने कमी.

खरा घोळ खिडकीखाली झाला. थंड पट्ट्याच्या मधोमध ताटाएवढ्या एका जागेवर धारितेचा मीटर चक्क ‘कोरडे’ दाखवत होता. बोटाच्या पेराने ठोकल्यावर तिथे गिलावा पोकळ वाजला. मग हीटर भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवून पंधरा मिनिटे चालवला आणि दर मिनिटाला चित्र घेतले. ओला भाग सावकाश तापला, कारण पाण्याला तापायला जास्त उष्णता लागते आणि शिवाय बाष्पीभवन सुरूच असते. ती ताटाएवढी जागा मात्र पाहता पाहता आजूबाजूपेक्षा दोन अंशांनी गरम झाली आणि हीटर बंद करताच सगळ्यांत आधी निवली. गिलावा मागच्या विटांपासून सुटलेला होता. मधल्या हवेच्या थरामुळे उष्णता आत जाऊ शकत नव्हती. त्याच हवेमुळे धारितेचा आकडाही खाली येत होता, मागची वीट चिंब असली तरी. त्या दिवशी मी फक्त मीटरवर विसंबलो असतो, तर पाझराचा मधला भाग ‘कोरडा’ म्हणून सोडून दिला असता.

दोन्ही उपकरणांचा निष्कर्ष ताडून पाहण्यासाठी शेवटी विटांच्या सांध्यात दोन बारीक भोके पाडली, इतकी फोड मला मान्य होती. छिद्रणयंत्र हळू चालवावे लागते, नाहीतर त्याच्या उष्णतेने नमुना वाटेतच सुकतो. दहा सेंटिमीटर खोलीवरचा चुरा तोलून १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवला. खालच्या जागेचा २० ग्रॅम चुरा १९.६ ग्रॅम भरला, म्हणजे सुक्या वजनाच्या सुमारे २ टक्के पाणी. खिडकीखालचा २४ ग्रॅम चुरा २१.४ ग्रॅम राहिला, म्हणजे सुमारे १२ टक्के.

बाहेरून पाहिले तर खिडकीच्या तळपाटीचा उतार आत होता आणि तिच्या कडेला केसाएवढी चीर होती. तळपाटी पुन्हा बाहेरच्या उताराने बसवली, चीर चुन्याने बुजवली आणि फक्त सुटलेला गिलावा काढून नवा केला. खालच्या भिंतीला लोणा झाडण्यापलीकडे हात लावला नाही. तो बहुधा जुन्या कुठल्यातरी ओलीचा उरलेला क्षार असावा.

चार महिन्यांनी त्याच खडूच्या खुणांवर पुन्हा मोजणी केली. थंड पट्टा आखडून खिडकीलगत हातभर उरला होता. एवढ्या जाड भिंतीला पुरते सुकायला वर्षाहून अधिक काळ लागतो. खाली लोण्यावर मात्र सुयांचा मीटर अजूनही लाल पट्ट्यातच जातो.