स्वागताचा मेल कुलपाच्या आत

सोमवारी सव्वानऊला फोन आला. "मॅडम, मी आज जॉइन होतेय. लॅपटॉप सुरू केलाय, पण पुढे काय करायचं ते कळत नाहीये. तुमचा काही मेल येणार होता का?"

मेल शुक्रवारी संध्याकाळीच गेला होता. पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक, कुठल्या सिस्टीमचं लॉगिन कसं घ्यायचं, कुणाकुणाला भेटायचं, सगळं त्यात होतं. तो गेला होता तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर. त्या पत्त्याची पेटी उघडायची कशी, हे लिहिलं होतं त्याच मेलच्या तिसऱ्या परिच्छेदात.

ती पहिले काही दिवस घरूनच काम करणार होती आणि लॅपटॉप कुरिअरने पोचला होता. त्या दिवशी ती आत शिरली दुपारी साडेतीनला. मधल्या सहा तासांत काय काय अडलं ते मी नंतर कागदावर क्रमाने मांडलं. दोष कुणा एकाचा नव्हता. मेलमधल्या पायऱ्यांचा क्रमच उलटा होता, आणि तो मेल मी लिहिला होता.

मेलमधली पहिली पायरी अशी होती: लॅपटॉप सुरू करा, दिलेलं युजरनेम आणि तात्पुरता पासवर्ड टाका. मी तिला दोन्ही गोष्टी फोनवर सांगितल्या, तिने टाकल्या, आणि पडद्यावर आलं: We can't sign you in with this credential because your domain isn't available. पासवर्ड चुकलाय असं समजून तिने तो आणखी दोनदा टाकला. पासवर्ड बरोबर होता. आमचे लॅपटॉप ऑफिसच्या अंतर्गत डोमेनला जोडलेले असतात. एखादा माणूस त्या लॅपटॉपवर एकदा लॉगिन झाला की त्याची ओळख मशीनवर साठून राहते आणि पुढे तो घरूनही आत जाऊ शकतो. पहिल्यांदा लॉगिन करताना मात्र लॅपटॉपला डोमेनच्या सर्व्हरपर्यंत पोचावंच लागतं. ऑफिसच्या नेटवर्कवर बसलेल्या माणसाला हे कधी जाणवत नाही, म्हणून मेल लिहिताना ते माझ्याही लक्षात आलं नाही.

घरून सर्व्हरपर्यंत पोचायचं म्हणजे व्हीपीएन हवं. काही ठिकाणी लॉगिनच्या पडद्यावरच व्हीपीएन जोडायची सोय असते, आमच्याकडे नव्हती. आयटीने तिला एका तात्पुरत्या लोकल अकाउंटने आत घेतलं. तिथून व्हीपीएन जोडायचं, ते चालू ठेवून युजर बदलायचा आणि मग स्वतःच्या नावाने लॉगिन करायचं, असा तो मार्ग. युजर बदलला की काही व्हीपीएन आपोआप तुटतात आणि मग हा मार्ग बंद होतो. आमचं तुटत नाही, एवढं नशीब. पण व्हीपीएनने मागितला फोनवरच्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा कोड, आणि ऑथेंटिकेटर तर अजून नोंदलेलाच नव्हता.

नोंदणीसाठी आयटीने एक वेळेपुरता पास काढून ठेवला होता. अ‍ॅडमिनच्या पडद्यावर त्याला Temporary Access Pass म्हणतात. तो पासवर्डच्या जागी टाकला की फोन नोंदवता येतो. पास शुक्रवारी संध्याकाळी सहाला काढलेला होता, मुदत आठ तास. शनिवारी पहाटे दोनलाच तो संपला. पास काढणाऱ्याने काम वेळेआधी उरकलं, याबद्दल त्याला शाबासकीही मिळाली होती. असा पास काढताना सुरुवातीची वेळ पुढची ठेवता येते आणि मुदत दहा मिनिटांपासून तीस दिवसांपर्यंत ठरवता येते. तो सोमवारी सकाळी नऊला सुरू होईल असा ठेवला असता, तर शुक्रवारी काढूनही चालला असता.

नवा पास निघाला, तेव्हा चौथी अडचण. नोंदणीचं पान तिने फोनवर उघडलं, कारण लॅपटॉपवर त्या लोकल अकाउंटमध्ये ब्राउझर बंद ठेवलेला आहे. पानावर क्यूआर कोड आला. तो स्कॅन करायचा फोनने, आणि तो दिसतोय त्याच फोनवर. अशा वेळी त्याच पानावर एक लिंक असते. ती दाबली की अ‍ॅप उघडतं आणि अकाउंट थेट जोडलं जातं. पण आमच्या मेलमध्ये 'क्यूआर स्कॅन करा' असंच छापलेलं होतं. म्हणून ती बिचारी घरात दुसरा पडदा शोधत बसली.

म्हणजे खरा क्रम असा होता: आधी फोनवर ऑथेंटिकेटर, मग व्हीपीएन, मग लॅपटॉपचं लॉगिन, आणि सगळ्यात शेवटी मेल. मी लिहिलं होतं नेमकं उलट.

साडेतीनला मेलबॉक्स उघडला, तर कॅलेंडर रिकामं. मेलमध्ये लिहिलं होतं, "आठवड्याभराच्या भेटींची आमंत्रणं तुम्हाला मिळालीच असतील." टीम लीडच्या कॅलेंडरमध्ये सगळ्या भेटी तिच्या नावासकट दिसत होत्या, त्यामुळे त्यांना खात्री होती की आमंत्रणं गेली. ती गेली होती गुरुवारी. तिचा मेलबॉक्स तयार झाला शुक्रवारी दुपारी, लायसन्स लागल्यावर. गुरुवारचं प्रत्येक आमंत्रण 550 5.1.10, म्हणजे असा पत्ताच सापडत नाही, असा शेरा घेऊन परत आलं होतं. परत आलेल्या मेलांकडे लीडनी पाहिलंच नाही, कारण असे मेल कुणीच पाहत नाही. पाठवणाऱ्याच्या कॅलेंडरमध्ये भेट तशीच टिकून राहते आणि तिथेच फसगत होते. दुरुस्ती सोपी आहे: भेट उघडायची, जुनं नाव काढायचं, डिरेक्टरीतून नाव पुन्हा निवडायचं आणि बदल पाठवायचा.

टीमची रोजची सकाळची भेट मात्र त्यानेही आली नाही. ती टीमच्या ग्रुपला पाठवलेली होती, आणि ग्रुपमध्ये आज सामील झालेल्या माणसाला जुनी आमंत्रणं मिळत नाहीत. ज्याने ती मालिका सुरू केली त्यानेच नवं नाव घालून ती पुन्हा पाठवावी लागते. आमच्या त्या मालिकेचा जनक आठ महिन्यांपूर्वी कंपनी सोडून गेलेला. इतके महिने ती भेट जुन्या लोकांच्या कॅलेंडरवर चालली होती. एखाद्या सभासदाने आमंत्रण तिला फॉरवर्ड करणं हा त्या दिवसापुरता उपाय झाला. नंतर लीडनी नवी मालिका काढली.

त्या रात्री मी मेल पुन्हा लिहायला घेतला आणि त्याचे दोन मेल केले.

पहिला मेल रुजू व्हायच्या तीन कामाच्या दिवस आधी, वैयक्तिक पत्त्यावर. त्यात आत न शिरता उपयोगी पडेल तेवढंच. पासवर्ड नाही, सहकाऱ्यांचे फोन नंबर नाहीत, सिस्टीमच्या आतल्या लिंका नाहीत. आता तो असा आहे:

"नमस्कार. सोमवारी सकाळी साडेनऊला मी तुम्हाला फोन करेन. सोबत फोन चार्ज केलेला आणि लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या. तोपर्यंत लॅपटॉपवर लॉगिन करायचा प्रयत्न करू नका, तो घरून पहिल्यांदा उघडणार नाही. ऑथेंटिकेटर अ‍ॅप आजच फोनमध्ये घालून ठेवा आणि फोनची वेळ 'आपोआप'वर ठेवा. नोंदणीचा वेळेपुरता पास मी फोनवर सांगेन. तो मेलने किंवा मेसेजने कुणीही पाठवणार नाही, आणि आमच्यापैकी कुणीही तुमच्याकडे तो मागणार नाही. पहिल्या दिवशी दुपारी दोनपर्यंत एकही भेट ठेवलेली नाही."

फोनच्या वेळेचं वाक्य लोकांना जास्तीचं वाटतं. दर तीस सेकंदांनी बदलणारे कोड घड्याळावरून तयार होतात. फोनचं घड्याळ बरंच पुढेमागे असलं तर कोड दर वेळी चुकीचा ठरतो, आणि चूक कशामुळे होतेय ते पडदा सांगत नाही. पास कुणी मागणार नाही हे वाक्यही मी कुणाला काढू देणार नाही. नव्या माणसाला कंपनीचा खरा मेल कसा दिसतो हेच ठाऊक नसतं, म्हणून पहिल्या आठवड्यात खोट्या मेलला तो सहज फसू शकतो.

दुसरा मेल ऑफिसच्या पत्त्यावर, आणि तोही मी फोनवर बोलत असताना, मेलबॉक्स उघडल्याची खात्री झाल्यावर. त्यात सिस्टीमच्या यादीची जुनी भाषा बदलली. पूर्वी लिहायचो, "खालील सिस्टीमचा अ‍ॅक्सेस लवकरच मिळेल." आता प्रत्येक सिस्टीमसमोर चार गोष्टी असतात: आज चालू आहे का, नसेल तर मंजुरी कुणाकडे अडली आहे, कुठल्या दिवसापर्यंत अपेक्षित आहे, आणि चालू झालं हे कसं ओळखायचं. चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. उदाहरणार्थ: "रिपोर्टिंगचा फोल्डर. मंजुरी मिळाली आहे. लॅपटॉपवरून एकदा साइन आउट करून पुन्हा आत या. टीमच्या नावाचा फोल्डर उघडला की झालं." ग्रुपमध्ये नाव घातलं तरी आधीपासून लॉगिन असलेल्या माणसाला नवा अधिकार पुढच्या लॉगिनलाच मिळतो, आणि तोवर तो दिवसभर आयटीकडे तक्रारीच्या तिकिटांवर तिकिटं टाकत राहतो.

"अमक्यासारखाच अ‍ॅक्सेस द्या" ही विनंती मी आता स्वीकारत नाही. तो अमका सहा वर्षांत चार टीम फिरलेला असतो. त्याच्याकडे साठलेले अधिकार पाहून मंजुरी देणारा सगळी विनंतीच परत पाठवतो. लीडना हा माझा हट्ट वाटतो. वाटू दे.

भेटायच्या माणसांची जुनी यादी चौदा नावांची होती, हुद्द्यांच्या क्रमाने. सोमवारच्या मुलीला खरी गरज पडली ती तिकिटं पाहणाऱ्या सहकाऱ्याची, आणि त्याचं नाव यादीत नव्हतंच. आता नावं पाच. प्रत्येकासमोर एक ओळ: याच्याकडून काय समजून घ्यायचं. आमंत्रण ज्याला भेटायचं आहे त्याने किंवा लीडनी पाठवायचं, नव्या माणसाने नाही. कुणाचा वेळ मागणं योग्य आणि कुणाचा नाही, हे त्याला पहिल्या आठवड्यात कळूच शकत नाही. विभागप्रमुखांची भेट मी गुरुवारवर ढकलली आहे. तोपर्यंत विचारण्यासारखं काही जवळ जमलेलं असतं.

यानंतर तीन जण रुजू झाले. दोघे साडेअकरापूर्वीच आत शिरले. तिसऱ्याची तारीख सोमवारवरून बुधवारवर गेली होती. ते मला कळलं, लीडना कळलं, लॅपटॉपचं कुरिअरही थांबवलं गेलं. पास मात्र सोमवारी सकाळी नऊला सुरू होऊन संध्याकाळी पाचला संपला होता. तारीख बदलली की पासची वेळ बदलायची, हे काम आम्ही कुणाच्याच नावावर लिहिलेलं नव्हतं. आयटीचं म्हणणं, तारीख तुमच्याकडे बदलते. माझं म्हणणं, पासचा पडदा माझ्याकडे उघडत नाही. सध्या मी रुजू होण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांना फोन करून सुरुवातीची वेळ वाचून दाखवायला सांगते.