निफ्टीच्या ऑप्शन चेनची रोजची नोंद: पाच महिन्यांत कुठे कुठे चुकलो

सप्टेंबर 2024 मध्ये मी ठरवलं की निफ्टीच्या ऑप्शनचा आयव्ही, म्हणजे प्रीमियममध्ये दडलेला अपेक्षित चढउतार, आणि ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून मिटवले न गेलेले सौदे, रोज एकदा आपोआप नोंदवायचे. मला बघायचं होतं ते साधं होतं: एक्सपायरी जवळ येते तसा आयव्ही कसा हलतो, आणि मोठा ओपन इंटरेस्ट कोणत्या स्ट्राइकवरून कोणत्या स्ट्राइकवर सरकतो. त्यासाठी जुनी चेन, म्हणजे सगळ्या स्ट्राइकच्या कॉल-पुटचा तक्ता, हवी. ब्रोकरच्या एपीआयमध्ये चेन मिळते ती त्या क्षणाची. कालची मागायची सोय माझ्याकडे नव्हती. त्यामुळे पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहिली, भाड्याच्या सर्व्हरवर क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, टाकली आणि सोमवार ते शुक्रवार चालू ठेवली.

पहिली चूक वेळेची. बाजार साडेतीनला बंद व्हायचा म्हणून मी 15:35 ची वेळ दिली होती. सगळं स्थिर झालेलं असेल असं वाटलं. पण तेव्हा निफ्टीचा बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. त्यातल्या शेअरच्या शेवटच्या अर्ध्या तासातल्या सरासरी भावांवरून तो काढला जायचा. ऑप्शनचा भाव मात्र शेवटच्या सौद्याचा, आणि दूरच्या स्ट्राइकवर तो सौदा दुपारी दोनचासुद्धा असू शकतो. म्हणजे मी एका वेळेचा निर्देशांक आणि दुसऱ्याच वेळेचा प्रीमियम एकत्र बसवत होतो. शेवटच्या अर्ध्या तासात बाजार जोरात हलला की माझा आयव्ही वेडावाकडा यायचा. मग वेळ 15:20 केली आणि शेवटच्या भावाऐवजी बिड आणि आस्क यांचा मध्य घ्यायला लागलो. बाजार चालू असताना दोन्ही बाजूंचे भाव जिवंत असतात, आणि त्यांच्यातलं अंतर फार मोठं असेल तर तो स्ट्राइक मी आयव्हीसाठी सोडून देतो.

तरीही एक गोष्ट खटकत होती. ऑप्शनमध्ये बरीच वर्षं काम करणाऱ्या मित्राला तक्ता दाखवला. तो म्हणाला, “अरे, एकाच स्ट्राइकच्या कॉलचा आयव्ही तेरा आणि पुटचा अकरा कसा येईल? तू स्पॉट धरतोयस का?” धरत होतो, म्हणजे निर्देशांकाचा त्या क्षणाचा भाव.

त्याने कागदावर मांडून दाखवलं ते सोप्या आकड्यांत सांगतो. निफ्टी 24,000 वर आहे, एक्सपायरीला सात दिवस आहेत, 24,000 चा कॉल 175 ला आणि पुट 145 ला आहे. व्याज शून्य धरून स्पॉटवरून गणित केलं तर कॉलचा आयव्ही साधारण 13.2 येतो आणि पुटचा 10.9. पण कॉल आणि पुटमधला 30 रुपयांचा फरकच सांगतो की बाजार एक्सपायरीचा भाव 24,030 धरून चाललाय. स्पॉटच्या जागी हा 24,030 घालून ब्लॅक-76 या सूत्राने पुन्हा गणित केलं की दोन्ही आयव्ही 12 वर येऊन भेटतात. व्याजदर किती, लाभांश कधी, याचा अंदाज बांधत बसायला नको. चेनमध्येच तो दडलेला असतो. तेव्हापासून मी प्रत्येक एक्सपायरीसाठी स्पॉटच्या सर्वांत जवळच्या तीन स्ट्राइकवरून हा एक्सपायरीचा भाव, म्हणजे फॉरवर्ड, काढतो आणि मधला आकडा घेतो. कॉल-पुटच्या आयव्हीमधला फरक वेगळ्या रकान्यात लिहितो. एरवी तो शून्याजवळ असतो. वाढला की भाव शिळे आहेत किंवा फॉरवर्ड चुकलाय हे लगेच कळतं.

ही दुरुस्ती मला मागच्या सगळ्या दिवसांवर करता आली, कारण मी पहिल्या दिवसापासून एपीआयकडून आलेला मूळ जेसन जसाच्या तसा दाबून ठेवत होतो. आयव्ही ही नोंद नाही, ते गणित आहे. नोंद म्हणजे बिड, आस्क, ओपन इंटरेस्ट आणि वेळ. मी फक्त आयव्हीचा रकाना ठेवला असता तर ते सगळे आठवडे टाकून द्यावे लागले असते.

नोव्हेंबरमध्ये जे झालं त्याने मात्र माझी झोप उडाली. 20 तारखेच्या नोंदीत जवळच्या एक्सपायरीचा आयव्ही आदल्या दिवसाच्या 1.41 पट झालेला दिसला. दुसऱ्या दिवशीच, 21 ला, एक्सपायरी होती. आधी वाटलं, काहीतरी मोठं घडतंय. मग 28 च्या एक्सपायरीकडे पाहिलं. तिथे वाढ फक्त सहा टक्के होती. आणि ओपन इंटरेस्ट? प्रत्येक स्ट्राइकवर शेवटच्या अंकापर्यंत 19 तारखेइतकाच.

20 नोव्हेंबरला महाराष्ट्र विधानसभेचं मतदान होतं आणि बाजार बंद होता. मी स्वतः सकाळी मत देऊन आलो होतो. स्क्रिप्टला ते कुठून कळणार? तिने चेन मागितली, समोरून कुठलीही चूक न दाखवता आदल्या दिवसाचीच चेन आली, आणि तिने ती आजची म्हणून लिहिली. प्रीमियम तेच, पण माझ्या गणितात एक्सपायरीला दोनऐवजी एकच दिवस उरलेला. तोच प्रीमियम निम्म्या वेळेत बसवायचा तर आयव्ही दोनच्या वर्गमुळाइतका, म्हणजे 1.41 पट, फुगणारच. 28 च्या एक्सपायरीसाठी नवाचे आठ दिवस झाले, म्हणून तिथे फक्त सहा टक्के.

सुट्ट्यांची यादी भरण्याऐवजी मी चेनसोबत येणारी वेळ तपासायला लागलो. दोन्ही वेळा भारतीय वेळेत आणून मग ही तुलना:

```
if quote_time.date() != now.date():
    sys.exit("stale")
```

ओपन इंटरेस्टने वेगळाच धडा दिला. माझ्या फीडमध्ये तो कॉन्ट्रॅक्टच्या संख्येत येतो. निफ्टीचा लॉट 25 वरून 75 झाला तो 20 नोव्हेंबर 2024 पासून नव्याने आलेल्या कॉन्ट्रॅक्टसाठी. आधीपासून चालू असलेले काही काळ 25 चेच राहिले. त्यामुळे एकाच चेनमध्ये दोन मापं होती. लॉट 75 चा झाला की तीच पोझिशन कॉन्ट्रॅक्टमध्ये मोजताना एक तृतीयांश दिसते, आणि मी काही दिवस ‘लोक बाहेर पडतायत’ असं समजून बसलो होतो. आता प्रत्येक ओळीत त्या कॉन्ट्रॅक्टचा लॉट लिहितो आणि तुलना नेहमी गुणाकार करून आलेल्या नगांचीच करतो.

एवढं झाल्यावर सगळं बसलं असं वाटलं होतं. 1 फेब्रुवारी 2025 ला अर्थसंकल्प होता, शनिवार असूनही बाजार पूर्ण वेळ चालू होता. अर्थसंकल्पाच्या आधी साठलेला आयव्ही त्या दिवशी कसा उतरतो हे मला सर्वांत जास्त बघायचं होतं. संध्याकाळी उत्सुकतेने फाईल उघडली, तर नोंदच नाही. क्रॉनमध्ये सोमवार ते शुक्रवार होतं ना! शिळा डेटा ओळखायची सोय आधीच केली होती, म्हणजे वाराचं बंधन केव्हाच काढता आलं असतं. सर्व्हर यूटीसीवर चालतो, म्हणून 15:20 ऐवजी 09:50:

```
50 9 * * * /home/me/oc/venv/bin/python /home/me/oc/snap.py >> /home/me/oc/snap.log 2>&1
```

त्या शनिवारचा ओपन इंटरेस्ट एक्सचेंजच्या भावकॉपीतून, म्हणजे रोजच्या भावांच्या फाईलमधून, भरून घेतला. तो दिवसअखेरचा आहे आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये नव्हे तर नगांत असतो, म्हणून त्या ओळीवर वेगळी खूण आहे. भावकॉपीत बिड-आस्क मात्र नसतात, त्यामुळे 15:20 चा आयव्ही त्यातून निघत नाही. तो रकाना मी रिकामा ठेवलाय. शुक्रवार आणि सोमवारची सरासरी घालून तो भरला, तर नेमका जो उतार बघायचा होता तोच पुसला जाईल.