७०% सिका लिहिलेल्या क्रीमने माझा चेहरा जळजळला, मग मी लेबल वाचायला शिकले

दोन महिने रोज रात्री रेटिनॉल आणि वर आठवड्यातून तीनदा ॲसिड टोनर, एवढं केल्यावर माझे गाल लाल झाले आणि साधं पाणी लागलं तरी चुरचुरायचं. सगळे म्हणाले सिका लाव. सिका म्हणजे सेंटेला एशियाटिका, आपली मंडूकपर्णी, हिलाही बरेच जण ब्राह्मीच म्हणतात पण ब्राह्मी नावाने मिळणारी दुसरी वनस्पती, बॅकोपा, ती वेगळी. क्रीमवर दावे असतात की लाली कमी होते, त्वचेचा बॅरियर सावरतो, कोलॅजन वाढतं. जखम भरण्याबाबत त्यातल्या त्यात बरा अभ्यास झालाय, सुरकुत्यांबाबत पुरावा तोकडाच.

मी घेतली "७०% सेंटेला" लिहिलेली, आणि लावल्या लावल्या आग आग. तेव्हा मागची बारीक अक्षरं नीट वाचली. हे ७०% म्हणजे अर्क, आणि अर्कात बहुतेक भाग पाणी किंवा ग्लायकॉलच असू शकतो, त्यात वनस्पतीचं किती उतरलंय ते त्या आकड्यावरून कळतच नाही! काम करणारे मुख्य घटक चार: एशियाटिकोसाइड, मॅडेकासोसाइड, एशियाटिक ॲसिड, मॅडेकासिक ॲसिड (नावात ॲसिड असलं तरी हे साल काढणारे ॲसिड नव्हेत). माझ्या क्रीमच्या यादीत यातलं एकही नाव वेगळं नव्हतं, पण परफ्यूम आणि लिमोनीन, लिनालूल हे सुगंधी घटक मात्र होते.

दुसऱ्या क्रीमवर टक्केवारी नव्हती, पण यादीत मॅडेकासोसाइड होतं, शिवाय पँथेनॉल आणि ग्लिसरीन, आणि सुगंध नाही. मॅडेकासोसाइड फिनॉक्सीइथेनॉलच्या नंतर आलं होतं. यादीत घटक जास्त ते कमी अशा क्रमाने असतात, आणि हे प्रिझर्व्हेटिव्ह साधारण १% पर्यंतच घालतात, म्हणजे त्याच्या नंतरचे घटक १% किंवा त्याहून कमीच धरायचे, आणि १% च्या खाली कंपनी नावं कुठल्याही क्रमाने लिहू शकते. म्हणून आधी मला वाटलं हे नावापुरतंच टाकलंय. पण मॅडेकासोसाइड थोडंच वापरतात, एका अभ्यासात ते ०.१% होतं (सोबत ५% विटामिन सी होतं, त्यामुळे फरक नेमका कशाने पडला ते सांगता येत नाही). म्हणजे शेवटी नाव आलं म्हणून लगेच क्रीम बाद करायची नाही.

मग दोन्ही क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला, एक डाव्या हाताला एक उजव्या, दिवसातून दोनदा आठवडाभर लावल्या. तिसऱ्या दिवशी पहिलीच्या जागी खाज आणि बारीक पुरळ, दुसरीच्या जागी काहीच नाही. त्यामुळे माझा संशय सुगंधावर आहे, पण सेंटेलाचीही क्वचित ॲलर्जी होते, आणि माझ्या हाताला दुसरी क्रीम सोसली त्यावरून मॅडेकासोसाइड मला चालतं एवढंच कळलं, सेंटेलाच्या अख्ख्या अर्काबद्दल नाही.

रेटिनॉल आणि टोनर पूर्ण बंद ठेवून दुसरी लावली, तीन आठवड्यांत चुरचुर गेली. यात बंद ठेवण्याचा वाटा मोठा असणार, क्रीमचा किती ते मला वेगळं करून सांगता येणार नाही. पिंपल्सचे जुने डाग मात्र जसेच्या तसे आहेत.