‘हो की नाही’वर अडलेला इंटरव्ह्यू : कॉन्टेक्स्ट स्विच आणि टीएलबी

सिस्टिम्स प्रोग्रामिंगच्या नोकरीसाठी यंदा बरेच इंटरव्ह्यू दिले आणि हवी तशी नोकरी मिळालीही. तरी हे लिहितोय ते मला नाकारलेल्या एका कंपनीच्या टेक्निकल राउंडबद्दल. निकालासाठी त्यांनी कितीतरी दिवस ताटकळत ठेवलं, आणि शेवटी एचआरकडून एका ओळीचा निरोप आला : ‘ओएसचा पाया कच्चा’. त्या ओळीचा राग अजून गेलेला नाही.

ऑनलाइन टेस्ट आणि कोडिंगचा राउंड सहज पार पडले. टेक्निकल राउंडची सुरुवातही चांगली झाली. प्रोसेस आणि थ्रेडमधला फरक सगळेच विचारतात. ‘थ्रेड म्हणजे हलकी प्रोसेस’ एवढ्यावर थांबलात तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : हलकं म्हणजे नेमकं काय हलकं? मी लिनक्स धरून उत्तर दिलं. लिनक्सचा शेड्युलर दोघांनाही टास्कच मानतो, प्रत्येकाचं एक `task_struct`. फरक पडतो तो तयार करताना काय वाटून घ्यायचं यात. `clone()` ला `CLONE_VM` दिलं की नवं टास्क जुन्याचीच अ‍ॅड्रेस स्पेस वापरतं. स्टॅक आणि रजिस्टर मात्र ज्याचे त्याचे. म्हणून एका थ्रेडमधला पॉइंटर दुसऱ्या थ्रेडला देता येतो, दुसऱ्या प्रोसेसला दिला तर तोच आकडा तिथे भलतीकडेच बोट दाखवतो.

त्यावर इंटरव्ह्यू घेणाऱ्या सरांनी कागदावर हे लिहून दिलं आणि काय छापेल ते विचारलं :

```c
int x = 5;
if (fork() == 0) x = 9;
printf("%p %d\n", (void *)&x, x);
```

दोन ओळी छापल्या जातात. पत्ता दोन्हींत तोच, किंमत मात्र एकीत ५ आणि दुसरीत ९. छापलेला पत्ता व्हर्च्युअल आहे, त्यामागचं मेमरीचं पान वेगळं आहे. `fork()` ने नवी प्रोसेस, म्हणजे मूल, तयार झाल्यावर दोघं आधी तीच फिजिकल पानं वापरतात, फक्त ती लिहिण्यासाठी बंद केलेली असतात. मुलाने x मध्ये लिहायचा प्रयत्न केला की पेज फॉल्ट होतो, कर्नल त्या ४ केबीच्या पानाची प्रत काढून मुलाच्या पेज टेबलात लावतो, आणि तीच सूचना पुन्हा चालते. व्हर्च्युअल मेमरीची तयारी करायची तर एवढा कोड स्वतः चालवून बघा, व्याख्या आपोआप जमतात. इथवर सर खूश होते.

मग आला कॉन्टेक्स्ट स्विच. ‘ए चालू आहे, टायमर इंटरप्ट आला, आता बी चालवायची. काय काय होतं?’

मी क्रमाने सांगितलं. इंटरप्ट येताच हार्डवेअर ए चा सूचनेचा पत्ता, स्टॅक पॉइंटर आणि फ्लॅग ए च्या कर्नल स्टॅकवर ठेवतं, बाकीचे रजिस्टर कर्नल तिथेच ठेवतो. इथपर्यंत स्विच झालेला नाही, आपण फक्त कर्नलमध्ये शिरलोय. वेळ संपली असेल तर परतण्याआधी `schedule()` बोलावलं जातं आणि बी निवडली जाते. बी ची अ‍ॅड्रेस स्पेस वेगळी असेल तर तिच्या पेज टेबलाचा पत्ता सीआर३ रजिस्टरमध्ये भरला जातो. त्यानंतर कर्नल स्टॅक बदलतो. त्या क्षणापासून आपण बी च्या स्टॅकवर असतो, आणि बी पूर्वी ज्या `schedule()` मध्ये थांबली होती तिथूनच बाहेर पडते. ए ची मेमरी कुठेही कॉपी होत नाही, ती जागच्या जागी राहते. बी हा ए चाच दुसरा थ्रेड असता तर सीआर३ला हात लागला नसता. थ्रेड हलका म्हणतात तो मुख्यतः इथे, रजिस्टर तर दोन्हीकडे बदलावेच लागतात.

‘आणि टीएलबी? प्रोसेस बदलली की दर वेळी पूर्ण फ्लश होतो, हो की नाही?’

इथे आम्ही अडलो आणि राहिलेला सगळा वेळ इथेच गेला. मी म्हटलं, ‘सर, प्रोसेसरवर आणि कर्नलवर अवलंबून आहे.’ ते म्हणाले, ‘एवढ्या खोलात नको. पुस्तकात काय आहे ते सांगा.’

आता खोलात जाऊनच सांगतो. व्हर्च्युअल पत्त्याचा फिजिकल पत्ता काढायला ६४-बिट इंटेलवर साधारणपणे पेज टेबलाच्या चार पायऱ्या उतराव्या लागतात. काढलेलं उत्तर प्रोसेसरमधल्या टीएलबीत जपून ठेवतात. त्या नोंदीवर ती कोणत्या अ‍ॅड्रेस स्पेसची हे लिहिलेलं नसेल, तर बी ला ए ची नोंद लागू होईल आणि ती भलत्याच पानावर जाईल. म्हणून जुन्या प्रोसेसरवर सीआर३ भरला की ग्लोबल नोंदी सोडून सगळं पुसलं जायचं. सरांचं उत्तर तिथलं होतं. पण पुढे इंटेलने प्रत्येक नोंदीला १२ बिटांचा पीसीआयडी टॅग दिला, आणि लिनक्स २०१७ च्या ४.१४ आवृत्तीपासून तो वापरतं. एआरएमवर त्याच कामाला एएसआयडी आहे. टॅग असला की ए आणि बी च्या नोंदी शेजारी शेजारी राहू शकतात, आणि ए परतली की तिच्या नोंदी तिला तशाच मिळू शकतात.

‘शकतात’ म्हणतोय त्याला कारण आहे. एक्स८६वर लिनक्स प्रत्येक कोअरसाठी अलीकडच्या मोजक्याच अ‍ॅड्रेस स्पेस लक्षात ठेवतं, मी पाहिलेल्या कोडमध्ये सहा. मधल्या काळात बऱ्याच वेगळ्या प्रोसेस चालून गेल्या तर ए ची जागा दुसऱ्याला गेलेली असते, मग पुसणं आलंच. ए च्या दुसऱ्या थ्रेडने तोवर दुसऱ्या कोअरवर `munmap()` केलं असेल तरीही जुन्या नोंदींवर विसंबता येत नाही.

शिवाय टॅग नसलेल्या प्रोसेसरवरही ‘दर वेळी’ खरं नाही. कर्नल थ्रेडला स्वतःची युजर अ‍ॅड्रेस स्पेस नसते, तो आधीच्या प्रोसेसचीच उसनी घेतो. ए नंतर `kworker` आणि पुन्हा ए, असे दोन स्विच झाले तरी त्यासाठी पेज टेबल बदलावं लागत नाही. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी वही मिटली.

तुमच्यावर अशी वेळ आली तर अट घालून ‘हो’ म्हणा : ‘टॅग नसतील आणि अ‍ॅड्रेस स्पेस बदलत असेल तर हो.’ समोरच्याला त्याचं उत्तर मिळतं आणि तुमचंही खोटं ठरत नाही. आपल्या मशीनवर टॅग आहे का ते आधी पाहून ठेवा, इंटेल-एएमडीवर `grep -o -w -m1 pcid /proc/cpuinfo` पुरे. उत्तरात `pcid` आलं तर आहे.

नंतरच्या कंपनीत तोच प्रश्न आला. तिथल्या मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘स्विच जास्त होताहेत हे कसं ओळखाल?’ तेव्हा जो आनंद झाला तो ऑफर लेटरच्या वेळीही झाला नाही. `vmstat 1` च्या `cs` रकान्यात साऱ्या मशीनचा आकडा दिसतो, पण कारण कळत नाही. कारण कळतं ते `/proc/<pid>/status` मधल्या या दोन ओळींवरून. `voluntary_ctxt_switches` भराभर वाढत असेल तर टास्क स्वतःहून थांबतंय, लॉकसाठी किंवा डिस्क-नेटवर्कसाठी. `nonvoluntary_ctxt_switches` वाढत असेल तर काम असूनही त्याला कोअरवरून हटवलं जातंय, म्हणजे बहुधा कोअर कमी आणि धावणारे थ्रेड जास्त. पहिल्यात कारण लॉक असेल तर थ्रेड वाढवून रांग आणखी लांबते, दुसऱ्यावर थ्रेड कमी करून बघायचे.

हे आकडे वाचताना एक ध्यानात ठेवा : त्या फाइलमध्ये फक्त मुख्य थ्रेडचे असतात. बाकीच्यांचे `/proc/<pid>/task/` खाली प्रत्येक थ्रेडच्या फोल्डरमध्ये, त्याच्या `status` फाइलमध्ये मिळतात.