पन्नास जणांची सहल आणि तीसचा स्लॉट

मी चोपडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. गेल्या डिसेंबरात आमची सहल जळगावच्या एका संग्रहालयात नेली. तिथे दर अर्ध्या तासाला 30 जणांनाच आत सोडतात. आधी वेळ बुक करायची, मग जायचं. सहल काढणाऱ्या बऱ्याच शिक्षकांना हे नवीन आहे आणि मलाही तेव्हा नवीनच होतं. बुकिंगपासून गेटपर्यंत काय काय झालं, ते सविस्तर लिहिते.

मुलं 46. मी आधी तेवढीच धरली होती. पण स्लॉटमध्ये माणूस मोजतात, विद्यार्थी नव्हे, त्यामुळे आम्ही चौघं शिक्षक धरून आकडा 50 झाला. एका स्लॉटला 30, म्हणजे दोन स्लॉट लागणार. सकाळी 10 ला संग्रहालय उघडतं. 10 च्या स्लॉटला 30 आणि साडेदहाच्या स्लॉटला 20, असा हिशेब मी मांडला.

एका मोबाइल नंबरवर जास्तीत जास्त 10 तिकिटं मिळत होती. म्हणून आम्ही पहिल्या स्लॉटसाठी तीन शिक्षकांच्या फोनवरून दहा-दहा काढायला बसलो. माझी 10 निघाली. दुसऱ्या मॅडमचं पेमेंट अर्ध्यात अडकलं, गावात रेंज गेली. मी पुन्हा पान उघडलं तर 10 च्या स्लॉटला 10 जागाच शिल्लक! माझे 10 गेले, ते बरोबर होतं, पण आणखी 10 कोणी घेतले? दहा-बारा मिनिटांनी पाहिलं तर आकडा परत 20. तेव्हा उलगडलं. आपण जागा निवडल्या की त्या काही मिनिटं आपल्या नावाने अडवून ठेवल्या जातात. तेवढ्यात पैसे गेले नाहीत तर त्या मोकळ्या होतात. एकदम दहा-दहाने आकडा पडला आणि थोड्या वेळाने तसाच वर आला, तर समजावं की कोणाचं तरी पेमेंट अडकलंय. घाबरून दुसरी तारीख धरायची गरज नाही. पण ज्या खात्यातून पैसे कापले गेले, तिथे परत आल्याचा मेसेज बघितल्याशिवाय पुन्हा पेमेंट करू नये.

साडेदहाच्या स्लॉटच्या 20 साठी मात्र मी सरळ संग्रहालयात फोन केला. शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं पत्र आणि नावांची यादी पाठवा, म्हणाले, गटाचं बुकिंग आम्हीच करतो. शाळेने पहिल्यापासून याच वाटेने जायला हवं. पाच फोन आणि पाच क्यूआर कोड सांभाळत बसण्यापेक्षा एक पत्र सोपं.

सहलीच्या दिवशी आम्ही सकाळी 8 ला निघालो. दीड तासाचा रस्ता, म्हणजे साडेनऊला पोहोचायचं होतं. तापीचा पूल अजून पुढे होता आणि केळीने भरलेला एक ट्रक रस्त्यातच आडवा झाला. ड्रायव्हर दादा खाली उतरून बघून आले आणि म्हणाले, "मॅडम, ट्रक आडवा व्हयी गया, वेळ लागी." पाऊण तासाहून जास्त वेळ आम्ही तिथेच. संग्रहालयाच्या गेटवर बस लागली तेव्हा 10 वाजून 22 मिनिटं झाली होती.

तिकिटावर "10:00 ते 10:30" असं छापलं होतं. मी निश्चिंत होते, अजून आठ मिनिटं आहेत ना! पण गेटवरचे काका, साठीचे असतील, शांतपणे म्हणाले, "मॅडम, दहाचा स्लॉट सव्वादहाला बंद होतो." तिकिटाच्या खाली बारीक अक्षरात ते लिहिलेलं होतं. दिलेल्या वेळेनंतर 15 मिनिटांपर्यंतच आत घेतात.

मला रडू यायचं बाकी होतं. 10 च्या स्लॉटच्या तीसही जागा आमच्याच होत्या, म्हणजे आत एक माणूस नव्हतं. सगळं संग्रहालय रिकामं, आणि माझी मुलं बाहेर. मी म्हटलं, "काका, आत कोणीच नाही. सोडा ना आम्हाला आत्ता." त्यांनी मला टेबलाजवळ बोलावलं, एका जुन्या पावतीची पाठ पुढे ओढली आणि पेनाने रेघा मारून समजावलं. ते समजावणं मला फार मोलाचं वाटलं.

आत गेल्यावर पहिली खोली माहितीपटाची. खुर्च्या 30. माहितीपट 20 मिनिटांचा. संपल्यावर लोक पुढच्या दालनात जायला आणि नवे आत येऊन बसायला 10 मिनिटं. झाला अर्धा तास. "आता साडेदहाला आठ मिनिटं आहेत," काका म्हणाले. "तुम्हाला लगेच बसवलं तरी 10:42 ला माहितीपट संपेल. साडेदहावाले बारा मिनिटं बाहेर उभे. मग अकरावाले, मग साडेअकरावाले. मध्ये मोकळा वेळ कुठेच नाही, म्हणून ही बारा मिनिटं जेवणाच्या सुट्टीपर्यंत अशीच पुढे सरकत राहतील." आणि साडेदहाच्या लोकांबरोबर सगळ्यांना घ्यायचं तर 30 खुर्च्यांच्या खोलीत 50 च्या वर माणसं बसवावी लागणार.

म्हणजे 30 हा आकडा सगळ्या इमारतीचा नव्हताच. तो सगळ्यात लहान खोलीचा होता. इमारतीचा हिशेब काकांनी वेगळा सांगितला. लोक आत सरासरी सव्वा तास थांबतात. दर अर्ध्या तासाला 30 येणार आणि प्रत्येक जण सव्वा तास थांबणार, म्हणजे अडीच स्लॉटची माणसं एकाच वेळी आत. अडीच गुणिले तीस, 75. जिन्याला आणि दालनांना तेवढी गर्दी झेपते. पण हेच लोक दोन-दोन तास थांबू लागले तर, येणारे तेवढेच असूनही, आत 120 माणसं होतात. म्हणून काकांच्या हातात मोजायचं बटण होतं. आत जाणारा एक, टक. बाहेर पडणाऱ्यांसाठी दुसऱ्या दारावरच्या मुलाकडे दुसरं बटण. दोघे अर्ध्या तासाने आकडे जुळवायचे.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण पालकांनी मला तोच प्रश्न विचारला होता: अर्ध्या तासात बाहेर काढतात का? नाही. अर्धा तास आत शिरण्याचा असतो. निदान आमच्या इथे बाहेर पडायला वेळेचं बंधन नव्हतं. दर ठिकाणी असंच असेल असं मात्र नाही, बुक करताना विचारून घ्यावं. आपल्या जवळच अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांत गर्दी आवरतात त्याचं कारण निराळं आहे. माणसांच्या श्वासातली वाफ आणि उष्णता त्या चित्रांना बाधते. तिथे आत किती वेळ थांबता यालाही अर्थ आहे. आमच्या संग्रहालयात अडचण खुर्च्यांची होती.

मग काकांनी रजिस्टर उघडलं. साडेदहाला आमचे 20 आणि इतर 7, म्हणजे 3 जागा शिल्लक. अकराला 18 बुक, 12 शिल्लक. साडेअकराला 9 बुक, 21 शिल्लक. 10 च्या स्लॉटला चुकलेले आमचे 30 या जागांत बसवायचे होते. 3 अधिक 12, पंधरा झाले. उरलेले 15 साडेअकराला. काकांनी तिकिटं बदलून दिली, वर पैसे घेतले नाहीत. "रोज असं जमणार नाही," हेही स्पष्ट सांगितलं. रविवारी तिन्ही स्लॉट भरलेले असते तर आम्ही दुपारपर्यंत बसलो असतो, किंवा तसेच परतलो असतो. गेलेला स्लॉट म्हणजे सुटलेल्या एसटीतली रिकामी सीट. ती पुढच्या गाडीला जोडता येत नाही.

आता 50 जणांचे तीन गट करायचे: 23, 12 आणि 15. कोणाकडे कोणतं तिकीट होतं ते विसरून आम्ही नव्याने वाटणी केली. पहिल्या गटात सगळ्यात लहान 21 मुलं आणि दोन मॅडम, कारण लहानांना भूक आधी लागते आणि त्यांना आवरायलाही दोघी हव्यात. अकराला 11 मुलं आणि सर. शेवटी मोठी 14 मुलं आणि मी. प्रत्येक गटाला मोठा माणूस हवाच, चार शिक्षक नसते तर हे तिहेरी विभाजन जमलंच नसतं.

आम्ही अंगणातल्या कडुनिंबाखाली बसलो. मुलांनी पोळी-चटणीचे डबे आणि मेहरूणची बोरं काढली. एकीने चार वेळा विचारलं, "मॅडम, आपला नंबर कवय लागी?" मी तिला घड्याळ दाखवलं आणि मोठ्या काट्याची जागा सांगितली. मग ती काट्यावर नजर ठेवून बसली. साडेअकराला दोन मिनिटं असताना ती उभी राहिली आणि बाकीच्या तेरा जणांची रांग तिनेच लावली.

आत गेल्यावर मला त्या 30 चं खरं मोल दिसलं. एका काचेच्या पेटीत ताम्रपट होता, पाठ्यपुस्तकाएवढा. डाव्या कडेला कडी अडकवायचं भोक, कडेची अक्षरं झिजलेली. माझी 14 मुलं दोन रांगांत त्याच्याभोवती उभी राहू शकली, पुढची बसून, मागची उभी. ती मुलगी काचेला नाक लावून एकेक ओळ मोजत होती. अकरा ओळी आहेत, म्हणाली. मागून कोणी ढकललं नाही, "पुढे चला, पुढे चला" म्हणून कोणी ओरडलं नाही. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी, जिथे वेळ ठरलेली नव्हती, मुलांना वस्तूंऐवजी पुढच्याची पाठच दिसली होती.

12:50 ला आम्ही बाहेर आलो. पहिला गट 12 च्या आधीच अंगणात परत आला होता.

या वर्षीचं बुकिंग मी परवाच केलं. 25 आणि 25 असे दोन सारखे गट, 11 आणि साडेअकराचे स्लॉट, मधल्या वारी. बस मात्र 8 लाच निघणार. सकाळच्या पहिल्या स्लॉटचा मोह सोडला, कारण उशिराला जागा द्यायची तर ती प्रवासातच ठेवायला हवी, गेटवर ती नसते. बुकिंगवाल्यांना फोनवर आणखी एक विचारून घेतलं: त्या दिवशी साडेबाराच्या स्लॉटला आत्तापर्यंत किती बुक आहेत? 6, म्हणाले. म्हणजे काही झालंच तर 24 जागा आहेत. तो आकडा मी सहलीच्या यादीच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेवलाय, आदल्या दिवशी परत विचारून खोडून नवा लिहायचा म्हणून.