पाडवा, पूर्णाहुती आणि पाच घड्याळं

२०२५चा गुढीपाडवा ३० मार्चला, रविवारी आला होता. आमची डोंबिवलीची जुनी इमारत पाडून नवी झाली होती, चावी हातात आली होती, आणि साडेतीन मुहूर्तांतला एक आयताच रविवारी पडलाय म्हटल्यावर वास्तुशांत त्याच दिवशी ठरली. वेगळा मुहूर्त काढायचा प्रश्नच मिटला. फेब्रुवारीच्या अखेरीस परदेशातल्या मंडळींना ईमेल लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात "तूच लिही, तुझं अक्षर चांगलं आहे" असं आई अजूनही म्हणते.

पहिली अडचण घड्याळाची नव्हती, गुरुजींची होती. पूर्णाहुती किती वाजता, असं विचारल्यावर ते म्हणाले, "साधारण सव्वादहा, साडेदहा." जवळच्या पाहुण्यांना हे पुरतं. ते नऊला येतात, पोहे खातात, आणि गुरुजी होमाशी पोहोचेपर्यंत नव्या स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारं उघडून बघतात. पण डब्लिनला पहाटे उठून बसणाऱ्या मामेभावाला 'साधारण' हा शब्द पाठवता येत नाही. संकल्प, पुण्याहवाचन, नवग्रह असा सकाळी सातपासूनचा सगळा कार्यक्रम त्याने बघावा अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. म्हणून गुरुजींकडून एक शब्द घेतला: पूर्णाहुती सव्वादहाच्या आधी होणार नाही, उशीर झाला तर झाला. ईमेलमध्ये लिहिलं, "लिंक दहाला उघडेल, पूर्णाहुती १०:१५ला." परदेशी पाहुण्यांना द्यायची वेळ अशी एकच असावी, आणि ती त्यांना जे बघायचंय त्याची असावी.

आता १०:१५चे बाकीच्या गावांत किती वाजतात? मोबाइलवरचं जागतिक घड्याळ उघडायचं आणि आजचा फरक वजा करायचा, हा सगळ्यात सोपा मार्ग, आणि मार्चच्या शेवटी तोच घात करतो. फेब्रुवारीत एडिसनची आत्या आपल्या साडेदहा तास मागे असते. अमेरिकेतली घड्याळं त्या वर्षी ९ मार्चला एक तास पुढे गेली, त्यामुळे पाडव्याला ती साडेनऊ तासच मागे. फेब्रुवारीतला फरक धरला असता तर आत्याला शनिवारी रात्री पावणेबाराची वेळ गेली असती. खरी वेळ मध्यरात्र उलटून पाऊण तासाची. तिने तासभर आधी येऊन रिकाम्या पाटाकडे बघितलं असतं आणि मग मला फोन केला असता, हे दुसरं जास्त गंभीर.

म्हणून मी आधी ग्रिनिचला जातो. १०:१५मधून साडेपाच तास काढले की ४:४५. मग प्रत्येक गाव त्या दिवशी ग्रिनिचच्या किती पुढे-मागे आहे ते बघायचं. आज नाही, त्या दिवशी. सिडनीची भाची अजून उन्हाळी वेळेवरच होती, त्यांची घड्याळं ६ एप्रिलला मागे येणार होती. दुबईला घड्याळं हलवायची भानगडच नाही. सगळ्यात गंमत डब्लिनची. तिथली घड्याळं नेमकी ३० मार्चलाच, रात्री एक वाजता दोनवर जाणार होती. म्हणजे मामेभाऊ जुन्या वेळेने झोपणार आणि नव्या वेळेने उठणार. मोबाइल आपोआप बदलतो, पण ओव्हनवरचं घड्याळ बदलत नाही, आणि पहाटे चहा ठेवताना माणूस ओव्हनकडेच बघतो.

त्याच्यासाठी आणखी एक पथ्य पाळलं. 'आयएसटी' कुठेही लिहिलं नाही. आयर्लंडच्या उन्हाळी वेळेलाही हीच तीन अक्षरं आहेत, त्यामुळे 'दहा पंधरा आयएसटी' हे त्याला स्वतःच्या घरची वेळ वाटू शकतं. न्यू जर्सीवाले तर बारा महिने 'ईएसटी' लिहितात, पण तो हिवाळ्याचा काटा. एखाद्या काटेकोर माणसाने तो खरा मानून हिशेब केला की एक तास गेला. अक्षरांपेक्षा गावाचं नाव बरं. आपलं गाव ओळखायला कुणाला तक्ता लागत नाही. (आपणही फार शहाणे नव्हतो. देशाची एक वेळ १९०६पासून असूनही मुंबई १९५५पर्यंत स्वतःची ३९ मिनिटं मागची वेळ धरून होती. तेव्हा डोंबिवलीहून मुंबईला निमंत्रण द्यायलाही असंच काही लिहावं लागलं असेल.)

शेवटी ईमेलमध्ये गेलं ते असं:

सान होजे: शनिवार २९ मार्च, रात्री ९:४५
एडिसन: शनिवारी रात्री जागायचं; बारा वाजून गेल्यावर १२:४५ (तारीख ३० लागलेली असेल)
डब्लिन: रविवार ३० मार्च, पहाटे ५:४५, बदललेल्या नव्या वेळेनुसार
दुबई: रविवार ३० मार्च, सकाळी ८:४५
डोंबिवली: रविवार ३० मार्च, सकाळी १०:१५
सिडनी: रविवार ३० मार्च, दुपारी ३:४५

एडिसनची ओळ लांबली, पण ती मुद्दाम. 'रविवार, रात्री १२:४५' असं लिहिलं की दहातले आठ लोक रविवारचं जेवण उरकून बसतात. आमच्याच नात्यात एका साखरपुड्याला एक मावशी अशी बरोबर एक दिवस उशिरा, नऊवारी नेसून, बंद झालेल्या लिंकसमोर बसली होती. मध्यरात्रीनंतरची वेळ सांगताना कुठल्या संध्याकाळनंतर जागायचं ते सांगावं, तारीख नंतर.

सोबत कॅलेंडरचं निमंत्रणही जोडलं. त्यात वेळेबरोबर विभाग नोंदवला की ज्याच्या-त्याच्या फोनवर त्याची वेळ दिसते:

```
DTSTART;TZID=Asia/Kolkata:20250330T101500
```

मधला `Asia/Kolkata` गळला तर मात्र ते प्रत्येक गावात तिथल्या सकाळी सव्वादहालाच वाजतं. शिवाय जोडलेली फाइल काकू उघडत नाही, तिच्या मते त्यात व्हायरस असतो.

उत्तर आधी काकूचंच आलं, सान होजेहून. वेळ कळली होती, शंका वेगळीच होती: "शनिवारी अमावास्या ना रे? मग त्या रात्री वास्तूची पूर्णाहुती बघायची कशी?" मी गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं अंतर, ती जगात सगळीकडे एकाच क्षणी लागते. सण मात्र ज्याच्या-त्याच्या सूर्योदयावर ठरतो. हिशेब करून बघितला. ती अमावास्या आपल्याकडे शनिवारी दुपारी साडेचारच्या सुमाराला संपत होती. तेव्हा सान होजेत शनिवारचे पहाटेचे चार वाजलेले असणार. म्हणजे काकूच्या दारात शनिवारी सूर्य उगवेल तेव्हा प्रतिपदा लागलेली असेल आणि तिचा पाडवा शनिवारीच, आमच्या आदल्या तारखेला.

हे तिला कळवलं. तासाभरात दुसरी ईमेल आली: "बरं झालं सांगितलंस. गुढी सकाळी उभारते. पण ती सूर्यास्ताला उतरवायची आणि तुमची पूर्णाहुती पावणेदहाला. तोवर श्रीखंड राखून ठेवायचं की नाही ते गुरुजींना विचार."