बारा पदर आणि एक बदनामी : आमची वाटचाल

साताऱ्यात आम्ही धनुष्याच्या दोऱ्या करतो. दोरीचा धागा गुंडाळायची चार खुंट्यांची सागवानी चौकट, म्हणजे जिग, वडिलांनी सुताराकडून करून घेतली होती. आता लोखंडी जिगही आहे, पण बांबूच्या धनुष्याची दोरी मी जुनीवरच घेतो. धागा खुंट्यांभोवती सहा फेरे फिरला की बारा पदर होतात. मग दोन्ही टोकांचे फास बांधायचे, ताण द्यायचा आणि मगच सर्व्हिंग, म्हणजे दोरी झिजू नये म्हणून तिच्यावर गुंडाळायचा धागा, चढवायचं. सैल दोरीवर चढवलेलं सर्व्हिंग पहिल्या सरावातच सरकतं, हे धंद्यातल्यांना सांगायला नको.

२०२३ मध्ये बर्लिनला आमच्या साताऱ्याची आदिती स्वामी तिरंदाजीत जगज्जेती झाली आणि धंद्याला बरे दिवस आले. ते सगळ्यांना माहीत आहे. मला सांगायचंय त्याआधीचं.

तेव्हा आमचं बहुतेक गिऱ्हाईक इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारातली पोरं. धनुष्य बांबूचं, अंतर तीस आणि पन्नास मीटर, दोरी डॅक्रॉनची, म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्याची. गावातल्या एका स्पोर्ट्सवाल्याने 'फास्ट स्ट्रिंग' म्हणून डायनिमा नावाच्या धाग्याच्या दहा पदरी दोऱ्या आणल्या. आमच्याहून स्वस्त, आणि बाण खरंच चपळ सुटायचा. पोरं तिकडे वळली. पुढे धनुष्यांची टोकं चिरायला लागली, खाचेपासून खाली, बांबूच्या उभ्या धाग्यात. आणि मैदानावर बोभाटा झाला की आमच्या दोऱ्यांनी धनुष्यं फुटतात, कारण दोरी म्हटली की लोकांना आमचंच नाव आठवायचं. ऑर्डरी थांबल्या, कारागीर मुलगा दुसरीकडे लागला. जिग विकायचीही बोलणी झाली.

एका अकादमीचे सर तेवढे टिकून राहिले. तुटक्या टोकाचं एक धनुष्य दोरीसकट दुकानात घेऊन आले, अंगठ्याने दोरी दाबली आणि म्हणाले, "दादा, ही तुमची नव्हं. हातालाच गुळगुळीत लागतीय." मी म्हटलं, "हाताची साक्ष कोण मानणार, सर?" मग दोरीचा पीळ सोडून पदर मोजले. दहा. आम्ही त्या ताकदीच्या धनुष्याला बारा घेतो. आमच्या स्पूलचा तुकडा आणि त्या दोरीचा तुकडा, दोन्ही पेट्रोलमध्ये धुऊन मेण काढलं, वाळवले आणि साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडले. डॅक्रॉन तळाला गेलं, कारण ते पाण्याहून जड. डायनिमा वर आलं. हाच प्रयोग सरांनी पालकांच्या बैठकीत करून दाखवला, तेव्हा कुठे तोंडं बंद झाली.

टोकं का चिरली ते मात्र नीट समजून घ्या. दोरी कमजोर नव्हती. डॅक्रॉनचा एक पदर साधारण पन्नास पौंडांना तुटतो आणि डायनिमा त्याहून बराच मजबूत, म्हणजे तीस पौंडांच्या धनुष्याला दोन्ही दोऱ्या ताकदीत पुरून उरतात. फरक ताणाचा. बाण सुटला की दोरी एकदम सरळ होऊन थांबते. डॅक्रॉन अडीच-तीन टक्के ताणतं, त्यात तो हिसका थोडा जिरतो. डायनिमा त्यामानाने फारच कमी ताणतं. बाणाला वेग मिळतो तो त्यामुळेच, आणि उरलेला सगळा धक्का टोकांवर बसतो तोही त्यामुळेच. फायबरच्या, टोकं बळकट केलेल्या लिंबना, म्हणजे धनुष्याच्या बाहूंना, ते चालतं. कच्च्या बांबूला नाही. त्यात दहा पदरी फास बारीक, तो खाचेत करवतीगत रुततो.

दुसरी गोम सर्व्हिंगची. बारीक दोरीवर त्या दुकानदाराने बारीकच सर्व्हिंग गुंडाळलेलं, त्यामुळे बाणाच्या मागच्या टोकाचा, दोरीत अडकणारा नॉक ढिला बसायचा. खेचताना बाण दोरीवरून निसटला तर ती कोरीच सुटते, आणि असे एक-दोन रिकामे फटके बांबूला पुरतात. पदर कमी असले तर सर्व्हिंगचा धागा जाड घ्यावा, एवढं साधं आहे. बाण नॉकने दोरीवर अडकवून लोंबकळू द्या. तो टिकला पाहिजे, आणि दोरीवर टिचकी मारली की पडला पाहिजे. टिचकीने पडत नसेल तर नॉक घट्ट आहे.

त्या स्पोर्ट्सवाल्याने आजवर चकार शब्द काढलेला नाही. असो.

आता विचारलं नसलं तरी सांगतो. दोरी केसाळ दिसायला लागली की मेण लावा आणि चामड्याच्या तुकड्याने गरम होईपर्यंत चोळा. मेण पदरांच्या आत गेलं तरच ते एकमेकांवर घासत नाहीत आणि पाणी धरत नाहीत. वरवर थापलेलं मेण फक्त धूळ पकडतं. सर्व्हिंगवर लावू नका, आत झिरपलं की ते सरकतं. सर्व्हिंग सुटलं तर नवं चढवून देतो, पण एक जरी पदर तुटला तर त्या दोरीवर गाठ मारून भागवायला माझ्याकडे येऊ नका. मी ती तिथेच कापतो आणि नवी घ्यायला लावतो.